ऑगस्टमधले गोदाम आणि मार्चमधला ताळेबंद : आंबा पल्पच्या एका प्रकल्पातील खेळत्या भांडवलाचे प्रकरण

रत्नागिरी परिसरातील एक भागीदारी संस्था गेली बरीच वर्षे लहान प्रमाणावर लोणची आणि सरबते तयार करते. शेजारच्या एका मालकाने आपली शेड पाच हंगामांच्या भाडेकराराने देऊ केली, तेव्हा तिथे हापूस पल्पचा स्वतंत्र कारखाना टाकावा की नाही, असा प्रश्न भागीदारांपुढे उभा राहिला. करार पाच वर्षांनी संपणार आणि मालक तो वाढवून देणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते. त्यामुळे प्रकल्पाला खरोखरच शेवट होता, आणि शेवटी काय परत येणार हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. प्रकल्पाचा रोख प्रवाह तक्ता तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पुढील आकडे लाख रुपयांत आहेत, आणि संस्थेची ओळख पटू नये म्हणून ते गोल केले आहेत.

यंत्रसामग्री, म्हणजे पल्पर, बॉयलर, डबे बंद करण्याचे सीमर आणि निर्जंतुकीकरणाचे रिटॉर्ट, यांचा उभारणीसह खर्च ७० होता. विक्रीचा अंदाज पाच वर्षांसाठी अनुक्रमे १००, १३०, १५०, १६० आणि १६० असा होता. कर भरून आणि घसारा परत मिळवून व्यवहारातून मिळणारी रक्कम २०, २७, ३२, ३४ आणि ३४ येत होती. शेवटी यंत्रे विकून करानंतर १० मिळतील, असे धरले होते. भागीदारांना आपल्या पैशावर किमान १४ टक्के परतावा हवा होता, म्हणून वटाव दर तोच घेतला. एवढ्याच आकड्यांवर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या सगळ्या रकमा वटाव दराने आजच्या किमतीत आणून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारी रक्कम, सुमारे ३३ येत होते. सत्तर लाखांच्या गुंतवणुकीवर तेहतीस लाख जास्तीचे दिसत असल्याने घरात शेडची साफसफाई कधी सुरू करायची याची चर्चा चालू झाली होती.

मूळ तक्ता करणाऱ्या लेखापालाने खेळते भांडवल, म्हणजे माल आणि उधारीत अडकून राहणारा पैसा, विसरले नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. संस्थेच्या जुन्या धंद्याप्रमाणे त्याने प्रत्येक वर्षाअखेरचा अंदाजी ताळेबंद मांडला, त्यातून माल साठा आणि येणी घेतली, देणी वजा केली आणि दरवर्षीची वाढ तक्त्यात उतरवली. अशा रीतीने ३१ मार्चला विक्रीच्या सुमारे १७ टक्के रक्कम अडकलेली दिसत होती. पहिल्या वर्षाच्या शेवटी १७, मग सुमारे ५, साडेतीन आणि पावणेदोन अशी वाढ, आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी सगळे २७ परत, अशी त्याची ओळ होती. ती धरल्यावर निव्वळ वर्तमान मूल्य ३३ वरून २५ वर आले. पद्धत पुस्तकी दृष्टीने बरोबर होती, बेरीज-वजाबाकीही अचूक होती, आणि तरीही तक्ता चुकीचा होता. चूक शोधायला ताळेबंद उपयोगी नव्हता, त्यासाठी आंब्याचे वर्ष पाहावे लागले.

कॅनिंगचा आंबा कारखान्यात येतो तो मुख्यतः मे महिन्यात आणि जूनच्या पूर्वार्धात. पेटीत भरण्याजोगे फळ बाजारात गेल्यावर उरलेला, किलोवर विकला जाणारा आंबा बागायतदार टेम्पोने आणून टाकतात आणि त्याचे पैसे रोख किंवा आठ-पंधरा दिवसांत मागतात. डबे त्याआधीच घेऊन ठेवावे लागतात, कारण ऐन मेमध्ये डबे मिळत नाहीत. पाऊस लागेपर्यंत वर्षाचे सगळे उत्पादन डब्यांत बंद झालेले असते. नंतर तो माल मिठाईवाले, आइस्क्रीमवाले, केटरर आणि घाऊक व्यापारी यांच्याकडे महिनोन्महिने जात राहतो. म्हणजे खरेदी दीड-दोन महिन्यांची आणि विक्री नऊ महिन्यांची असते. मी गोदाम पाहायला गेलो ते दुसऱ्या एका कारखान्याचे, आणि तेही ऑगस्टमध्ये. ३.१ किलोच्या सहा डब्यांचे एक खोके, अशी खोकी छतापर्यंत रचली होती आणि मधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट होती. तिथल्या व्यवस्थापकांनी हसत सांगितले, “साहेब, मार्चमध्ये या, इथे क्रिकेट खेळता येते.”

३१ मार्चचा ताळेबंद नेमका त्या रिकाम्या गोदामाचा फोटो असतो. पुढच्या हंगामाचा आंबा अजून झाडावर असतो, मागच्या हंगामाचा माल बहुतेक विकला गेलेला असतो, आणि अडकलेला पैसा वर्षातल्या सर्वांत कमी पातळीवर असतो. धंदा ज्या दिवशी सर्वांत हलका असतो तोच दिवस मोजमापासाठी निवडल्यासारखे हे आहे. वर्षभर सारखी खरेदी-विक्री करणाऱ्या कारखान्यात वर्षाअखेरची शिल्लक बऱ्यापैकी प्रातिनिधिक असते, म्हणूनच ही पद्धत सगळीकडे रुळली आहे, आणि म्हणूनच ती इथे सहज फसवून गेली.

मग पहिल्या वर्षाच्या १०० लाखांच्या विक्रीसाठी आम्ही महिनावार तक्ता मांडला. जूनअखेर ५६ लाखांचा माल गोदामात होता आणि डबेवाल्याचे ६ लाख देणे बाकी होते, म्हणजे निव्वळ ५० अडकलेले. ऑगस्टअखेर माल ४७ वर आला, पण उधारीवर गेलेल्या मालाची येणी १३ झाली, म्हणून एकूण ६०. हाच वर्षाचा कळस. मार्चअखेर माल ३ आणि येणी १४, म्हणजे १७. बारा महिन्यांच्या अखेरच्या रकमांची सरासरी काढली, त्यात हाताशी ठेवायची थोडी रोकड धरली, तेव्हा ती ४० च्या आसपास आली. एकाच धंद्याच्या, एकाच वर्षाच्या तीन वेगळ्या रकमा अशा समोर आल्या : १७, ४० आणि ६०.

यापैकी तक्त्यात कोणती घ्यायची, यावर आमच्यात बराच वाद झाला. थोरले भागीदार म्हणाले, “६० उभे करावे लागणारच आहेत, तर ६०च धरा.” त्यांचे म्हणणे बँकेसमोर बरोबर आहे, कारण कर्जाची मर्यादा मागताना कळसाचीच रक्कम मागावी लागते. पण वार्षिक रोख प्रवाह तक्त्याचा एक मूक नियम आहे. तो वर्षभरातली सगळी जमा आणि सगळा खर्च वर्षाच्या शेवटच्या दिवशी झाला असे मानतो. प्रत्यक्षात आंब्याचे पैसे मेमध्येच गेलेले असतात, आणि खेळत्या भांडवलाची ओळ ही त्या मधल्या काळाची भरपाई असते. वर्षभर अडकलेला एक रुपया म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला टाकलेला एक रुपया, सहा महिने अडकलेला रुपया म्हणजे आठ आणे. या हिशेबाने वर्षाच्या सुरुवातीला टाकायची रक्कम ही महिनावार अडकलेल्या रकमांच्या सरासरीच्या जवळ येते, कळसाच्या नाही. त्यामुळे मूल्यमापनाला ४० आणि बँकेच्या मर्यादेला ६०, असा निर्णय झाला. हा ठोकताळा आहे. महिनावार तक्ता करून महिनावार वटाव लावला तर त्याची गरजच उरत नाही, पण पाच वर्षांचे साठ स्तंभ भागीदारांपुढे ठेवले असते तर कोणी वाचले नसते.

विक्रीच्या ४० टक्के हे प्रमाण धरल्यावर पाच वर्षांची गरज ४०, ५२, ६०, ६४ आणि ६४ अशी येते. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात आणि दोन्ही ठिकाणी नवख्यांची गल्लत होते. पहिली म्हणजे तक्त्यात पातळी जात नाही, पातळीतला फरक जातो. दुसऱ्या वर्षासाठी ५२ लागतात, पण त्यातले ४० आधीच धंद्यात फिरत आहेत, तेव्हा नवे फक्त १२ घालायचे. दरवर्षी पूर्ण पातळी वजा करणारा एक तक्ता मी याआधी पाहिला आहे. त्यात तोच पैसा पाच वेळा गुंतवला गेला होता आणि चांगला प्रकल्प कागदावरच बुडाला होता. दुसरी गोष्ट वेळेची. दुसऱ्या वर्षाचा आंबा दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यायचा असतो, म्हणून ती १२ ची वाढ पहिल्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे एक रकाना आधी बसते. या रकमांवर कर लागत नाही आणि सुटतही नाही, कारण माल विकत घेणे हा खर्च नसून पैशाने रूप बदललेले असते. त्यामुळे ही ओळ नफा-तोट्याच्या बाहेर, कर मोजून झाल्यावरच घालायची.

बँकेच्या कॅश क्रेडिटचा मुद्दाही याच टप्प्यावर निघाला. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या निकषाप्रमाणे बँका लहान उद्योगांसाठी वार्षिक विक्रीच्या २५ टक्के इतकी खेळत्या भांडवलाची गरज धरतात, त्यापैकी विक्रीच्या २० टक्के बँक देते आणि ५ टक्के मालक घालतो. “मग वीस बँकेचेच की, आपल्याला कशाला मोजायचे?” असे धाकट्या भागीदारांनी विचारले. पण १४ टक्क्यांचा दर आम्ही प्रकल्पात लागणाऱ्या सगळ्या पैशावर लावत होतो, तो पैसा कोणाच्या खिशातून येतो हे त्या तक्त्यात पाहायचे नव्हते. बँकेचे कर्ज गरज कमी करत नाही, फक्त ती कोण भागवतो ते बदलते. कर्ज वजा करून वर त्याचे व्याजही खर्चात धरले असते तर हिशेबाचे दोन्ही पाय वेगवेगळ्या दिशांना गेले असते. शिवाय २५ टक्क्यांचा निकष वर्षभर चालणाऱ्या उद्योगांकडे पाहून ठरलेला आहे. इथली ऑगस्टची गरज ६० टक्के होती, म्हणून हंगामी उद्योग असल्याचे दाखवून जास्तीची मर्यादा वेगळी मागावी लागणार होती.

आता शेवटचा रकाना. मूळ तक्त्यात पूर्ण रक्कम परत येते असे धरले होते, आणि बहुतेक तक्त्यांत तसेच असते, कारण बेरीज शून्य येते आणि डोळ्यांना बरे वाटते. इथे मात्र सरासरीची पद्धत घेतल्यामुळे परताव्याचा अर्थ नीट लावणे भाग होते. पाचव्या वर्षी ६४ फिरत होते आणि ते सर्व ३१ मार्चला एकदम हातात येत नाहीत. सहावा हंगाम नसल्यामुळे पुढचा आंबा घ्यायचा नाही, म्हणून जुना माल जसजसा विकला जातो तसतसा पैसा मोकळा होतो. मार्चअखेरपर्यंत ६४ पैकी ३७ असे नेहमीच्या विक्रीतूनच सुटलेले असतात. त्यांच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. खरी परीक्षा उरलेल्या २७ ची असते, आणि तूट धरायची ती फक्त त्यांच्यावर. कोणी सावधपणा म्हणून ६४ वर सरसकट दहा टक्के कापले, तर तो सावधपणा नसून अंदाजपंचे आहे.

त्या २७ मध्ये ५ चा साठा आणि २२ ची येणी होती. साठ्याची यादी आम्ही वस्तूवार केली. तयार पल्पची थोडी खोकी होती. ती व्यापारी पडत्या भावाने घेतो, कारण हे दुकान बंद होणार आहे हे त्याला माहीत असते. पोचे पडलेले डबे कोणी घेत नाही, आणि फुगलेला डबा तर फेकूनच द्यावा लागतो. संस्थेच्या नावाची छापील लेबले आणि खोकी ही दुसऱ्या कोणाच्याही कामाची नसतात, त्यांची किंमत रद्दीच्या भावाची. ५ च्या साठ्याचे २ येतील, असे ठरले. येण्यांत बहुतेक गिऱ्हाईक जुने आणि नियमित होते, पण धंदा चालू असताना जो व्यापारी पुढच्या मालासाठी मागचे बिल चुकते करतो तोच धंदा बंद झाल्यावर वजनाच्या, वासाच्या आणि लेबलाच्या तक्रारी काढतो. २२ पैकी २० धरले. एकूण तूट ५ झाली. माल कमी भावात गेल्याचा तोटा आणि बुडीत म्हणून लिहून टाकलेली येणी आयकराच्या हिशेबात वजा होतात, आणि संस्थेच्या जुन्या धंद्यात नफा असल्यामुळे त्या वजावटीचा उपयोगही होणार होता. भागीदारी संस्थेच्या सुमारे ३१ टक्के दराने दीड लाख कर वाचतो. अशा रीतीने परतीची रक्कम ६४ वजा ५ अधिक १.५, म्हणजे ६०.५ झाली. ही सवलत फक्त तोट्यावर मिळते, परत आलेल्या मूळ रकमेवर कर नसतो. हे वाक्य मुद्दाम लिहितो आहे, कारण यंत्रांच्या विक्रीवर कर मोजला जातो म्हणून शेजारच्या खेळत्या भांडवलावरही तो लावलेला मी पाहिला आहे.

सुधारलेला तक्ता असा झाला :

| | आरंभ | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ | वर्ष ४ | वर्ष ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| यंत्रसामग्री | −७० | | | | | १० |
| व्यवहारातील रोख (करानंतर) | | २० | २७ | ३२ | ३४ | ३४ |
| खेळते भांडवल | −४० | −१२ | −८ | −४ | ० | ६०.५ |
| एकूण | −११० | ८ | १९ | २८ | ३४ | १०४.५ |

तिसऱ्या ओळीची बेरीज −३.५ येते, आणि ती करानंतरच्या तोट्याइतकीच आहे. ही बेरीज मी नेहमी पहिल्यांदा पाहतो. ती पूर्ण शून्य असेल तर शेवटी काहीच बुडणार नाही असे कोणीतरी गृहीत धरले आहे, आणि ती मोठी ऋण असेल तर बहुधा परतीचा रकाना विसरला आहे किंवा पातळ्याच वजा झाल्या आहेत. या प्रकल्पात परतीचा रकाना सोडला असता तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे २६.५ दिसले असते.

१४ टक्क्यांनी वटवल्यावर निव्वळ वर्तमान मूल्य ४.९ आले. सुरुवातीला ३३, लेखापालाच्या तक्त्यात २५, आणि आता जेमतेम ५. परतीच्या वेळी बुडणाऱ्या पाच लाखांचा यात वाटा लहान आहे. पूर्ण ६४ परत धरले असते तरी मूल्य ६.८ पर्यंतच गेले असते. मोठी घट झाली ती पैसा पाच वर्षे अडकून राहिल्यामुळे. पाचव्या वर्षाच्या शेवटी येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत बावन्न पैसे आहे, म्हणून ६०.५ परत आले तरी आजच्या हिशेबात ते साडेएकतीसच भरतात, आणि घातलेल्या रकमांची आजची किंमत मात्र ५९ च्या वर आहे. येणी प्रत्यक्षात करार संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी येतील, हेही मोजून पाहिले. त्याने तीस-पस्तीस हजारांचाच फरक पडत होता, म्हणून त्यासाठी सहाव्या वर्षाचा रकाना उघडला नाही. उघडला असता तर जूनमध्ये येणारे पैसे पुढच्या मार्चमध्ये गेले असते आणि चूक उलट वाढली असती.

निव्वळ वर्तमान मूल्याच्या या पाच लाखांचा आधार किती भक्कम आहे हे पाहायला आम्ही एकच गोष्ट हलवली. व्यापाऱ्यांची उधारी ४५ दिवसांची धरली होती, ती ७५ दिवस केली. महिन्याची विक्री वर्षाच्या विक्रीच्या आठ टक्क्यांहून थोडी जास्त असते, म्हणून अडकलेली सरासरी ४० टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेली आणि निव्वळ वर्तमान मूल्य शून्याच्या किंचित खाली उतरले. विक्री तीच, भाव तोच, नफा तोच, फक्त बिल एक महिना उशिरा चुकते होणार. भागीदारांना ही ओळ सर्वांत जास्त लागली, कारण मोठ्या आइस्क्रीमवाल्याने नेमके तेवढेच दिवस मागितले होते. तेव्हा आठवण करून दिली की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, असा २००६ च्या कायद्याचा दंडक आहे, आणि उशीर केल्यास खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच खर्च म्हणून वजा मिळते, अशी तरतूद आयकरात २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून आली आहे. व्यापारी गिऱ्हाईक गमावण्याच्या भीतीने कोणी तक्रार करत नाही, हेही खरे. पण खरेदीदाराच्या लेखापरीक्षकाने प्रश्न विचारायला सुरुवात केली की मार्चमधली बिले तरी लवकर सुटतात, असा माझा अनुभव आहे.

भागीदारांनी प्रकल्प हाती घेतला, पण तीन बदल करून. आइस्क्रीमवाल्याला ४५ दिवसांवर माल द्यायचा आणि त्यापलीकडे नाही. त्याच्या मागणीचा एक तृतीयांश माल जूनमध्येच, आगाऊ पैसे घेऊन थोड्या कमी भावात उचलायला लावायचा. आणि पाचव्या हंगामात फक्त पक्क्या मागणीइतकाच आंबा घ्यायचा, त्या वर्षी लेबले नव्याने छापायची नाहीत. शेवटच्या बदलाने पाचव्या वर्षाची विक्री थोडी घटते, पण मार्चअखेरची अडकलेली रक्कम २७ ऐवजी १८ च्या आसपास राहते. पहिल्या हंगामातल्या ऑगस्टअखेर मला आलेल्या पत्रकात साठा ४१ आणि येणी १२ होती, म्हणजे ६० च्या जागी ५३. सोबत हाताने लिहिलेली एक ओळ होती की गोदामात यंदा दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकतात.